व्हायवाची १५ मिनिटं : आलेख सहाव्या मिनिटाला पडद्यावर हवा

«मी सांगलीत एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय आहे पलूस भागातल्या क्षारपड जमिनीतला भूमिगत निचरा. निचरा बसवलेली ४ आणि न बसवलेली ४ शेतं घेतली, प्रत्येकात ५ ठिकाणची माती, असे ४० नमुने. प्रबंध ११२ पानांचा आहे आणि जमा झालाय. व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे, १५ मिनिटं प्रेझेंटेशन आणि १० मिनिटं प्रश्न. माझ्या ५४ स्लाइड झाल्यात. प्री-सबमिशनला १४व्या स्लाइडवरच एका सरांनी अडवलं, ‘हे ४० नमुने स्वतंत्र कसे?’ दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्या आलेखात सगळी शेतं ४च्या रेषेखाली आहेत, मग क्षारपड कुठे?’ निकाल दाखवायचे राहूनच गेले. तेच दोघे पुन्हा असणार, शिवाय एक्स्टर्नल. संध्याकाळी क्लास घेते, त्यामुळे रोज दोन-अडीच तासच मिळतात. शेतनिहाय सरासऱ्या आणि निचऱ्याच्या पाण्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. काय ठेवू, काय काढू?»
— एक विद्यार्थिनी, सांगली

नमस्कार,

आधी एक वाक्य लिहा, स्लाइडला नंतर हात लावा. ‘माझ्या कामातून काय कळलं’ याचं उत्तर एका वाक्यात लिहायचं, आणि ते असं हवं की समितीतल्या सर्वांत कडक माणसालाही त्यातला एकही शब्द खोडता येऊ नये. तुमच्या प्रबंधाच्या निष्कर्षात लिहिलंय, ‘भूमिगत निचऱ्यामुळे मातीतले क्षार कमी झाले.’ यातला ‘मुळे’ तुम्हाला सांभाळता येणार नाही. निचरा बसवण्याआधीची मोजणी तुमच्याकडे नाही, त्यामुळे ‘कमी झाले’ हेही सिद्ध करता येत नाही. तुम्ही मोजलाय तो ईसी, म्हणजे क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता. तुम्ही जे खरोखर पाहिलंय ते असं : ‘निचरा असलेल्या ४ शेतांत मातीचा ईसी, निचरा नसलेल्या ४ शेतांपेक्षा सरासरीने १.२ डेसीसायमन प्रति मीटर कमी आढळला, आणि निचऱ्याच्या पाण्यातून क्षार शेताबाहेर जाताना दिसतात.’ हे वाक्य थोडं लांब आहे, पण त्याला कुठूनही धक्का लागत नाही. सगळं प्रेझेंटेशन या वाक्यापर्यंत नेणारं हवं. ५४ पैकी जी स्लाइड या वाक्यातल्या एकाही शब्दाला आधार देत नाही, ती मुख्य भागातून काढा. साधारण दहा उरतील.

आता समितीच्या दोन प्रश्नांकडे वळू. ते दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. त्यांची उत्तरं प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवू नका, मुख्य स्लाइडमध्येच द्या. आपला मुद्दा विद्यार्थिनीला कळलेलाच नाही असं परीक्षकाला वाटलं की तो मधेच थांबवतो. तो मुद्दा तुमच्याच तोंडून, आकड्यासकट, त्याच्याआधी आला तर थांबवण्याचं कारणच उरत नाही.

पहिला प्रश्न, ४० नमुन्यांचा. एका शेतातल्या पाच जागांना पाणी एकच मिळतं, ऊस एकच असतो, शेतकरी एकच, आणि निचऱ्याचा पाइपही एकच. त्या पाच नमुन्यांतून त्या शेताची सरासरी जास्त नेमकी कळते, पण निचऱ्याबद्दल पाच वेगळे पुरावे मिळत नाहीत. निचरा बसवला तो शेताला, प्रत्येक खड्ड्याला वेगवेगळा नाही. म्हणून तुलनेचं एकक शेत आहे आणि तुमच्याकडे अशी ८ एककं आहेत. संख्याशास्त्रात या चुकीला सूडोरेप्लिकेशन म्हणतात. प्रबंधात ४० नमुने स्वतंत्र धरून केलेल्या टी-चाचणीत पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली आली आहे. सरांनी बोट ठेवलं ते नेमकं इथेच.

तुमच्या शेतनिहाय सरासऱ्यांवर तीच चाचणी नव्याने करू. निचरा असलेली शेतं ०.८, १.०, १.२ आणि १.४, म्हणजे सरासरी १.१. निचरा नसलेली १.५, २.०, २.६ आणि ३.१, म्हणजे सरासरी २.३. फरक १.२. दुसऱ्या गटातला विखुरलेपणा पहिल्यापेक्षा बराच जास्त आहे, म्हणून दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा न धरणारी वेल्चची चाचणी घ्या. टी ३.२ च्या आसपास येतो, पी-व्हॅल्यू सुमारे ०.०३, आणि फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण ०.१ ते २.३. म्हणजे निकाल टिकला. फक्त त्याची खात्री आधी वाटत होती त्याहून पुष्कळ कमी आहे, आणि तेच समितीसमोर सांगायचं.

आणखी एक पडताळणी तोंडी सांगता येते आणि ती सरांना नक्की पटेल. ८ शेतांतून ४ निवडायचे ७० प्रकार होतात. तुमच्या निचऱ्याच्या चारही शेतांचे आकडे बाकीच्या चारही शेतांच्या खाली आहेत, कारण पहिल्या गटातला सर्वांत मोठा आकडा १.४ आणि दुसऱ्यातला सर्वांत लहान १.५. निचऱ्याचा काहीच संबंध नसता, तर दोन गट असे पूर्ण वेगळे पडण्याची शक्यता, दोन्ही बाजू धरून, ७० त २, म्हणजे तीही सुमारे ०.०३. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्याशी येतो, हे दाखवणारी एक छोटी राखीव स्लाइड ठेवा.

आता प्रबंध जमा झालाय, तेव्हा त्यातला आकडा बदलून गुपचूप नवा दाखवायचा नाही. आजच गाईडना ही नवी आकडेमोड दाखवा आणि त्यांची संमती घ्या. स्लाइडवर साधं लिहा : ‘प्रबंधात ४० नमुने स्वतंत्र धरून चाचणी केली होती. शेत हे एकक धरून ती पुन्हा केली आहे.’ पान क्रमांकही द्या. एक्स्टर्नलच्या हातात तुमचा प्रबंध असतो. पडद्यावरचा आणि पानावरचा आकडा वेगळा आहे हे त्यांच्याच लक्षात आलं, तर पुढचा सगळा वेळ त्यातच जातो.

दुसरा प्रश्न, ४च्या रेषेचा. हा जास्त गंभीर आहे, कारण तुमच्या शीर्षकातल्या ‘क्षारपड’ या शब्दावरच तो येतो. माती क्षारयुक्त ठरवायची ४ डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा १९५४च्या अमेरिकन क्षार प्रयोगशाळेच्या हस्तपुस्तिकेपासून सर्वत्र वापरली जाते. पण ती संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्कासाठी आहे. तुम्ही १:२.५ पद्धतीने मोजलंय, म्हणजे २० ग्रॅम माती आणि ५० मिली पाणी. या पद्धतीत १०० ग्रॅम मातीला २५० मिली पाणी पडतं. काळ्या भारी मातीच्या संपृक्त लगद्यात मात्र १०० ग्रॅमला साधारण ६० ते ८० मिलीच पाणी असतं. तेवढेच क्षार तिप्पट-चौपट पाण्यात विरघळले की आकडा साधारण त्याच प्रमाणात खाली येणार. म्हणून तुमचा २.३ हा आकडा ४च्या खाली आहे असं म्हणण्यात काही अर्थ नाही. दोन्ही आकडे वेगळ्या मापाचे आहेत. मॅडमना दिसलेली लाल रेषा त्या आलेखावर यायलाच नको होती. ती काढा, आणि का काढली ते सांगा.

निव्वळ रेषा काढून भागणार नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे : ‘मग ही जमीन क्षारपड आहे हे कशावरून?’ वाळवून चाळलेली माती प्रयोगशाळेत शिल्लक असेल तर याला उत्तर आहे. प्रत्येक शेताच्या पाच नमुन्यांतली सारखी माती एकत्र करून एक मिश्र नमुना करा. असे ८ होतील. प्रत्येकी अडीचशे-तीनशे ग्रॅम मातीत डिस्टिल्ड पाणी थोडंथोडं घालत ढवळायचं. लगद्यावर चकाकी आली, भांडं कलतं केल्यावर तो किंचित सरकला आणि चमच्यावरून स्वच्छ सुटला, की संपृक्तता आली. वर पाणी साठत असेल तर जास्त झालंय, आणखी कोरडी माती घाला. भारी माती रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी लगदा घट्ट वाटला तर पुन्हा थोडं पाणी. मग बुखनर फनेल आणि सक्शन पंप लावून अर्क काढायचा आणि २५ अंशांवर ईसी मोजायचा. चिकण मातीतून अर्क फार सावकाश येतो, म्हणून आठही नमुने एका दुपारी उरकतील असं धरू नका, दोन दिवस राखा. प्रयोगशाळा सहायकांना उद्याच विचारा.

हे ८ आकडे मिळाले तर एका राखीव स्लाइडवर शेतनिहाय १:२.५ चा आणि लगद्याचा असे शेजारी-शेजारी मांडा. कुठली शेतं ४च्या वर आहेत ते तिथे कळेल. निचऱ्याच्या शेतांपैकी काही खाली आली तरी बिघडत नाही, तुमच्या विषयात ते अपेक्षितच आहे. माती शिल्लक नसेल तर एका मापावरून दुसरं काढायचं दुसऱ्या भागातलं तयार सूत्र वापरू नका. ते प्रमाण मातीच्या पोतावर आणि तिच्यात जिप्सम किती आहे यावर बदलतं. जिप्सम असलेल्या मातीत पाणी वाढवलं की आणखी जिप्सम विरघळतं आणि आकडा अपेक्षेएवढा खाली येत नाही. तेव्हा सरळ म्हणा, ‘शेतांची आपसांतली तुलना एकाच पद्धतीने केली आहे, ती वैध आहे. ४च्या मर्यादेशी तुलना या आकड्यांवरून करता येत नाही.’ एवढं पुरतं.

या दोन प्रश्नांबरोबर तिसराही येणार, आणि अजून तो कुणी विचारलेला नाही. निचरा कुठल्या शेतांत बसला? भूमिगत निचऱ्याच्या पाइपाला पाणी सोडायला नाला लागतो, शिवाय खर्च पेलणारा शेतकरी. म्हणजे निचऱ्याची शेतं आधीपासूनच नाल्याजवळची, उताराची, मुळात कमी खारावलेली असू शकतात. तुमचा सगळा १.२ चा फरक त्यातूनही आलेला असू शकतो. हे तुम्हीच मांडा आणि त्याला तोंड देणारं तुमच्याकडचं जे असेल ते दाखवा : आठही शेतांचं नाल्यापासूनचं अंतर, माती, पीक, पाणी द्यायची पद्धत. एका छोट्या तक्त्यात ८ ओळी. निचऱ्याची शेतं सरसकट नाल्याजवळ निघाली, तर तसं म्हणा. दोन्ही गट मिसळलेले निघाले, तर तुमची बाजू तेवढी भक्कम होते. आकडा काय येईल त्यावर हे अवलंबून आहे, आणि आधी ते तुम्हाला माहीत असणं महत्त्वाचं.

तुमच्या बाजूचा खरा चांगला पुरावा मात्र परिशिष्टात पडून आहे. निचऱ्याच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ईसी सरासरी ४.५ आणि उसाला दिलेल्या पाण्याचा ०.४. ढोबळ हिशेबाने ईसीला ६४० ने गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार ते मिळतं. म्हणजे शेतात येणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर पाव ग्रॅम क्षार येतात आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर जवळपास तीन ग्रॅम जातात. ही स्लाइड मुख्य भागात घ्या. निचरा नेमकं काय करतो ते एक्स्टर्नलला हिच्यामुळेच दिसेल. तिची मर्यादाही त्याच वेळी सांगा. दिलेल्या पाण्यातलं बरंचसं ऊस पिऊन टाकतो आणि त्यातले क्षार मागे राहतात, त्यामुळे खाली झिरपणारं पाणी आपोआपच दाट होत जातं. बाहेर पाणी किती लिटर गेलं हे तुम्ही मोजलेलं नाही. म्हणून क्षार बाहेर जातायत एवढं म्हणता येतं, एकूण साठा किती घटला हे नाही. ‘किती टन क्षार निघाले?’ असं विचारलं तर अंदाजाचा आकडा मुळीच देऊ नका.

आता १५ मिनिटांची मांडणी. विभागाने शीर्षकांचा क्रम ठरवून दिला असेल तर तो मोडू नका. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, निकाल हाच क्रम राहू दे. बदल करायचा तो प्रत्येकाला दिलेल्या वेळात. बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली सात-आठ मिनिटं प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनात जातात. त्या वेळात समितीला नवं काहीच मिळत नाही, म्हणून ती प्रश्न विचारू लागते आणि निकाल मागे पडतो. तुमच्याही बाबतीत १४व्या स्लाइडपर्यंत पूर्वसंशोधनच चाललं होतं.

शीर्षकाची स्लाइड १५ सेकंद, प्रबंधाचं नोंदवलेलं शीर्षक जसंच्या तसं. दुसरी स्लाइड एक मिनिट : चार उद्दिष्टं आणि त्यांच्याखाली वरचं ते एक वाक्य. उत्तर शेवटी सांगायचं असतं हा समज सोडा. काय सिद्ध करायचंय हे समितीला आधीच कळलं तर पुढची प्रत्येक स्लाइड ती त्याच नजरेने बघते. तिसरी दीड मिनिट : नकाशावर आठ ठिपके, कृष्णाकाठ, आणि उसाला मोकाट पाणी देऊन भारी जमिनी कशा खारावतात ते तीन वाक्यांत. पूर्वसंशोधन इथेच एका वाक्यात येईल, ज्या एक-दोन अभ्यासांशी तुम्ही पुढे तुलना करणार आहात तेवढ्यांचंच. चौथी, रचना, दीड मिनिट : ८ शेतं, ५ जागा, वरची ३० सेंटीमीटर माती, नमुने मे महिन्यात पावसाआधी घेतले. ‘तुलनेचं एकक शेत’ हे शब्द इथेच मोठ्या अक्षरांत. नमुने मे महिन्यात का घेतले तेही सांगा, कारण पावसाळ्यात वरचे क्षार धुऊन खाली जातात आणि नोव्हेंबरचा आकडा वेगळाच आला असता. पाचवी एक मिनिट : ईसीची पद्धत आणि रेषा काढण्याचं कारण.

म्हणजे साधारण सव्वापाच मिनिटांनी तुम्ही सहाव्या स्लाइडवर, मुख्य आलेखावर येता. त्याला पूर्ण तीन मिनिटं द्या. सातवी निचऱ्याच्या पाण्याची, दोन मिनिटं. आठवी ‘याचं दुसरं कारण काय असू शकतं’, दोन मिनिटं, त्यात नाल्याच्या अंतराचा तक्ता. नववी एक मिनिट : काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, दोन रकान्यांत. दहावी अर्धं मिनिट : पुढे काय करायला हवं, निचरा बसवण्याआधी आणि नंतर त्याच शेतात मोजणी, पाइपातून जाणाऱ्या पाण्याचं माप. बेरीज पावणेचौदा मिनिटं होते. उरलेलं सव्वा मिनिट मुद्दाम मोकळं ठेवलंय, एखादा प्रश्न मधे येणारच.

सहाव्या स्लाइडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आत्ता तिथे ४० ओळींचा तक्ता आहे. पडद्यावरून तो कुणी वाचत नाही, आणि त्यात शोधायचं काय हेही कळत नाही. त्याऐवजी आठ ठिपके काढा, डावीकडे निचऱ्याची चार शेतं, उजवीकडे बाकीची चार. प्रत्येक ठिपका म्हणजे एका शेताची सरासरी, आणि त्यातून वर-खाली जाणारी बारीक रेघ म्हणजे त्याच शेतातल्या पाच जागांमधला किमान ते कमाल आकडा. उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. स्तंभालेख नको, त्यात आठ शेतं लपून दोनच खांब दिसतात आणि ‘किती शेतं होती?’ हा प्रश्न पुन्हा येतो. स्लाइडचा मथळा ‘निकाल’ असा ठेवू नका, पूर्ण वाक्य लिहा : ‘निचऱ्याच्या चारही शेतांचा ईसी बाकीच्या चारही शेतांपेक्षा कमी.’ अक्षांची नावं आणि आकडे किमान १८ पॉइंटचे. बोलताना आधी अक्ष सांगा, मग एक ठिपका बोटाने दाखवून तो कसा वाचायचा ते सांगा, मग दोन्ही गट, आणि शेवटी फरक व त्याचा अंतराल. हा क्रम गाळून थेट पी-व्हॅल्यू सांगितली तर ऐकणारा अजून अक्षच वाचत असतो.

काढलेल्या स्लाइड फेकून देऊ नका. दहाव्या स्लाइडनंतर राखीव म्हणून आठेक ठेवा : टी-चाचणीची दोन्ही रूपं, ते ७० प्रकार, लगद्याचे आकडे, ३० ते ६० सेंटीमीटर थराचे निकाल, पीएच आणि सोडियमचं प्रमाण, ईसी मीटरचं कॅलिब्रेशन, ४० नमुन्यांचा मूळ तक्ता. पीएच आणि सोडियमची स्लाइड विसरू नका. ‘ही जमीन क्षारयुक्त की चोपण?’ असं एक्स्टर्नल हमखास विचारतात, आणि चोपण जमिनीत नुसत्या निचऱ्याने काम भागत नाही, जिप्समही लागतं. प्रत्येक राखीव स्लाइडचा क्रमांक एका कागदावर लिहून समोर ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. माउसने पन्नास स्लाइड मागे-पुढे करताना जो वेळ जातो आणि जी घाई दिसते ती टळते.

मधेच अडवलं तर काय करायचं हेही आधी ठरवून ठेवा. उत्तर पहिल्या वाक्यात द्या, हो, नाही किंवा आकडा. कारण दुसऱ्या वाक्यात. तिसऱ्या वाक्यात थांबा किंवा पुढच्या स्लाइडकडे न्या. समजा सर पुन्हा म्हणाले, ‘४० नमुने आहेत ना तुमचे?’ तर : ‘सर, नमुने ४०, पण तुलनेची एककं ८ शेतं. एका शेतातले पाच नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. सहाव्या स्लाइडवर ८ शेतांवरच चाचणी केली आहे, दोन मिनिटांत दाखवते.’ असं उत्तर मिळालं की सर बहुधा तुम्हाला पुढे जाऊ देतात. याउलट ‘सर, त्याचं असं आहे की...’ अशी सुरुवात झाली तर प्रश्न चुकवला जातोय असं वाटून दुसरा प्रश्न येतो.

घड्याळाची एक खूण बांधून घ्या. आठव्या मिनिटाला तुम्ही सहाव्या स्लाइडवर पोहोचला नसाल, तर जिथे असाल तिथून ६ आणि एंटर. तिसरी, पाचवी राहिली तर राहू दे, पाचवीचा मुद्दा आलेख दाखवताना एका वाक्यात सांगता येतो. आठवी स्लाइड मात्र कितीही घाई झाली तरी गाळू नका. ती गाळली की तिच्यातलाच प्रश्न बाहेरून येतो, आणि तेव्हा ते कबुलीजबाबासारखं ऐकू येतं.

तुमच्याकडे दिवसाला दोन-अडीच तास आहेत, तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्या संध्याकाळी ते एक वाक्य आणि शेतनिहाय आकडेमोड, आणि ती गाईडना पाठवा. माती शिल्लक असेल तर पुढचे दोन दिवस क्लासच्या आधीचा वेळ प्रयोगशाळेला. त्याच दोन रात्रींत सहावी, सातवी आणि आठवी स्लाइड करा, बाकीच्या सोप्या आहेत. चौथ्या दिवशी उरलेल्या आणि राखीव. पाचव्या दिवशी घड्याळ लावून उभं राहून मोठ्याने तीनदा म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं नेहमी लवकर संपतं, त्यावर वेळेचा अंदाज बांधू नका. तिसऱ्या वेळी मैत्रिणीला समोर बसवून तिला चौथ्या आणि सहाव्या स्लाइडवर मुद्दाम अडवायला सांगा. तुमच्या समितीसमोर खरी तयारी याचीच लागणार आहे. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी प्रश्न मराठीत येतात, तेव्हा ‘एकक’, ‘विश्वास-अंतराल’, ‘संपृक्त लगदा’ हे दोन्ही भाषांत एकेकदा तोंडून जाऊ द्या. सहाव्या दिवशी व्हायवाच्याच खोलीत प्रोजेक्टर लावून एकदा पाहा, पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेवा. ठिपक्यांच्या दोन रंगांत फरक त्या पडद्यावर दिसतोय का, एवढंच तिथे बघायचं. दिसत नसेल तर एका गटाचे ठिपके भरीव आणि दुसऱ्याचे पोकळ करा.

शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड लावू नका. प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं पडद्यावर जे असतं त्यावरच प्रश्न येतात, म्हणून तिथे नववी स्लाइड पुन्हा आणून ठेवा, ‘म्हणता येतं’ आणि ‘म्हणता येत नाही’ हे दोन रकाने. प्रश्न विचारत असताना वही उघडी ठेवा आणि प्रत्येकाने सुचवलेली दुरुस्ती पान क्रमांकासह लिहून घ्या. खोलीतून निघण्याआधी ती यादी गाईडना वाचून दाखवा, आणि कुठल्या दुरुस्त्या अंतिम प्रतीत करायच्या, शुद्धिपत्र पुरेल की पानं बदलावी लागतील, हे तिथेच विचारून घ्या. नंतर चौघांकडून वेगवेगळी आठवण ऐकायला मिळते आणि बांधणीला दिलेली प्रत अडकून पडते.